कॅमेरा वेळेवर थांबवायचा तर

मैदानाच्या कडेला खांबावर एक कॅमेरा आहे. त्याच्या बुडाशी एक छोटी मोटर आणि गियरपेटी असते आणि ती त्याला डावी-उजवीकडे फिरवते. आपण त्याला दोन अंश वळायला सांगतो. तो वळतो, पण दोन अंशांवर थांबत नाही. जवळजवळ तीन अंशांपर्यंत जातो, मागे फिरतो, जास्तच मागे येतो, पुन्हा पुढे सरकतो. चित्र पाऊण सेकंद हेलकावत राहतं आणि मग कुठे स्थिर होतं. पाऊण सेकंद ऐकायला फार वाटत नाही, पण तेवढ्या वेळात चेंडू सीमारेषेपर्यंत पोचू शकतो.

हे हेलकावे मोटर कमकुवत असल्यामुळे येत नाहीत. मोटर बदलली नाही, गियर बदलले नाहीत, फक्त मोटरला व्होल्टेज देण्याची रीत थोडी बदलली, तर हाच कॅमेरा ०.१७ सेकंदात स्थिर होतो. हा बदल म्हणजे लीड कॉम्पेन्सेटर. एका विशिष्ट यंत्रासाठी तो कसा बसवायचा, त्याचे आकडे कुठून येतात आणि तो बसवल्यावर काय मोजावं लागतं, हे इथे पाहू.

दिलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या अशा यंत्रणेला पोझिशन सर्वो म्हणतात. तिचं काम साधं आहे. अक्षावरचा एन्कोडर कॅमेरा सध्या कुठे आहे ते सांगतो. हव्या असलेल्या कोनातून तो कोन वजा केला की उरते ती चूक. चुकीला एका आकड्याने गुणून तितकं व्होल्टेज मोटरला द्यायचं. चूक मोठी तर धक्का मोठा, चूक शून्य तर धक्का शून्य. चूक पुन्हा मोजायची, पुन्हा व्होल्टेज द्यायचं, असं हे चक्र अखंड चालू राहतं.

आपल्या उदाहरणातली मोटर २४ व्होल्टची आहे. गियरनंतरच्या अक्षावर एका व्होल्टला सेकंदाला अर्धा रेडियन एवढा वेग मिळतो. रेडियन हे कोनाचंच माप, एक रेडियन म्हणजे साधारण ५७ अंश. मात्र व्होल्टेज दिल्याबरोबर हा वेग येत नाही. कॅमेऱ्याचं आणि मोटरच्या फिरत्या भागांचं जडत्व आड येतं, आणि पहिल्या ०.१ सेकंदात अंतिम वेगाच्या ६३ टक्के इतकाच वेग येतो. याला मोटरचा कालांक म्हणू. नियंत्रक एका रेडियन चुकीला १०० व्होल्ट या हिशेबाने धक्का देतो. शंभर गुणिले अर्धा म्हणजे ५०, आणि हा ५० पुढच्या सगळ्या गणिताचा पाया आहे. चक्राचं एकत्रित सूत्र असं होतं:

```
G(s) = 50 / ( s (0.1 s + 1) )
```

या ५० ला प्रत्यक्ष अर्थ आहे. धावणाऱ्या खेळाडूचा पाठलाग करताना कॅमेरा सेकंदाला एक रेडियन वेगाने फिरत असेल, तर तो लक्ष्याच्या एक पन्नासांश रेडियन, म्हणजे १.१५ अंश मागे राहतो. मागे राहणं अटळच आहे, कारण चूक शून्य झाली तर व्होल्टेजही शून्य होईल आणि मोटर थांबेल. लांब पल्ल्याच्या भिंगात १.१५ अंश ही आधीच मोठी रक्कम आहे. त्यामुळे हा ५० कमी करायचा नाही, अशी अट सुरुवातीलाच घालून घेऊ.

आता हेलकावे का येतात ते पाहू. झोक्यावरचं मूल परत येऊन क्षणभर थांबतं आणि पुन्हा पुढे निघतं, तेव्हा मागून दिलेला हलका धक्का झोका वाढवतो. तोच धक्का मूल मागे येत असताना दिला तर झोका मंदावतो. जोर दोन्ही वेळा तेवढाच असतो, फरक फक्त वेळेचा. सर्वोचा प्रत्येक धक्का चूक कमी करण्यासाठीच असतो, पण त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. कॅमेरा लक्ष्यावर पोचतो तेव्हा चूक शून्य आणि व्होल्टेजही शून्य असतं, पण मोटरला आलेला वेग तसाच असतो. उलट धक्का मिळू लागतो तो लक्ष्य ओलांडल्यानंतर. तो अंगी लागेपर्यंत कॅमेरा आणखी पुढे गेलेला असतो.

हा उशीर सेकंदांपेक्षा अंशांत मोजणं सोयीचं पडतं. हवा असलेला कोन आपण लाटेसारखा हळूहळू मागेपुढे करत राहिलो, तर कॅमेराही तसाच मागेपुढे होतो, पण थोडा मागून. एका पूर्ण लाटेचे ३६० अंश धरले, तर हा मागेपणा अंशांत सांगता येतो. त्याला फेज म्हणतात. चुकीपासून कॅमेऱ्याच्या हालचालीपर्यंतचा मागेपणा जर नेमका १८० अंश झाला, तर दुरुस्ती बरोबर उलट्या वेळी पोचते. ती चूक खोडण्याऐवजी तिला खतपाणी घालते. त्याच वेगाच्या लाटेला चक्राचा गेन एक असेल, म्हणजे लाट चक्रातून फिरून तेवढ्याच उंचीची परत येत असेल, तर हेलकावा कधीच विरत नाही.

म्हणून अभियंते दोन गोष्टी पाहतात. कोणत्या वेगाच्या लाटेला गेन बरोबर एक होतो? त्या वेगाला क्रॉसओव्हर म्हणतात. आणि तिथे मागेपणा १८० अंशांपासून किती दूर आहे? ते अंतर म्हणजे फेज मार्जिन. मार्जिन कमी असेल तर हेलकावे बराच वेळ चालतात, साठ अंशांच्या आसपास असेल तर चटकन विरतात. या कल्पना टेलिफोनच्या तारांमधून आल्या. बेल लॅब्जमधल्या हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली फीडबॅक असलेले अॅम्प्लिफायर केव्हा आपणहून ओरडू लागतात याची कसोटी मांडली. तिथल्याच हेंड्रिक बोड यांनी १९४० च्या सुमारास गेन आणि फेज यांचं नातं स्पष्ट केलं. युद्धकाळात विमानविरोधी तोफा आणि रडारचे अँटेना फिरवणाऱ्या सर्वोंसाठी ही पद्धत यंत्रशास्त्रात आली आणि तिथे रुजली.

आपल्या कॅमेऱ्याचा हिशेब असा. व्होल्टेज ठरवतं वेग, आणि कोन म्हणजे त्या वेगाची साठत गेलेली बेरीज. या साठवणुकीतच ९० अंश मागेपणा येतो, मग लाट कितीही मंद असो. त्यावर ०.१ सेकंदाच्या कालांकाचा मागेपणा चढतो. गेन एक होतो २१.३ रेडियन प्रति सेकंद या वेगाला, म्हणजे सेकंदाला साधारण ३.४ लाटा. तिथे कालांकाचा वाटा ६५ अंश येतो. एकूण १५५ अंश, आणि मार्जिन फक्त २५. गणिताने हा सर्वो लक्ष्याच्या ४९ टक्के पुढे जातो, म्हणजे दोन अंशांसाठी जवळजवळ तीन. स्थिर व्हायला, म्हणजे लक्ष्याच्या दोन टक्क्यांच्या आत येऊन तिथेच राहायला, त्याला पाऊण सेकंद लागतो. वर सांगितलेले हेलकावे ते हेच.

सर्वात पहिला उपाय जो कुणालाही सुचतो तो म्हणजे धक्का कमी करणं. हेलकावतोय ना, मग गेन उतरवा. हा उपाय खूप ठिकाणी केला जातो, म्हणून तो पुरता तपासून पाहायला हवा. मार्जिन ५७ अंशांपर्यंत नेण्यासाठी ५० चा आकडा ७.६ वर आणावा लागतो. हेलकावे नक्कीच कमी होतात आणि कॅमेरा लक्ष्याच्या अकरा टक्केच पुढे जातो. पण पाठलागातली चूक १.१५ वरून साडेसात अंशांवर जाते. आणि स्थिर व्हायला लागणारा वेळ? तो पाऊण सेकंदावरून ०.६८ सेकंदांवर येतो. म्हणजे जवळजवळ तोच.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण कॉम्पेन्सेटर का लागतो याचं उत्तर त्यात आहे. या सर्वोमधला हेलकावा ज्या दराने विरतो, तो दर मोटरच्या कालांकावरून ठरतो. कालांकाच्या दुपटीने एकाला भागलं की ५ येतात आणि हेलकाव्याची उंची या ५ च्या घातांकी दराने उतरते. गेन त्या हिशेबात येतच नाही. गेन वाढवला तर त्याच वेळात जास्त हेलकावे बसतात, कमी केला तर कमी बसतात, पण सगळं शांत व्हायला लागणारा काळ फारसा हलत नाही. एका आकड्याने गुणून मोटर चालवणारा नियंत्रक या कॅमेऱ्याला पाऊण सेकंदापेक्षा फार चपळ करूच शकत नाही. त्यासाठी धक्क्याची वेळच बदलावी लागते.

लीड कॉम्पेन्सेटर नेमकं ते करतो. तो चुकीबरोबरच ती कोणत्या दिशेने आणि किती झपाट्याने बदलते आहे हेही पाहतो. कॅमेरा लक्ष्याकडे वेगाने येत असेल तर चूक अजून शिल्लक असतानाच तो व्होल्टेज उतरवू लागतो, आणि लक्ष्य यायच्या आधीच उलटं व्होल्टेज देऊन वेग आवरतो. नुसता बदलाचा दर मोजून वापरायचा म्हटलं तर एक अडचण येते. एन्कोडरच्या प्रत्येक बारीक उडीचा दर प्रचंड निघतो आणि मोटर खडखडू लागते. म्हणून दराचा हा वाटा एका मर्यादेपर्यंतच वाढू द्यायचा आणि तिथे रोखायचा. सूत्रात तो असा दिसतो:

```
C(s) = (s/z + 1) / (s/p + 1),   p > z
```

`z` या वेगापासून दराचा वाटा जाणवू लागतो आणि `p` पाशी त्याची वाढ थांबते. या दोन्हींच्या दरम्यान फेज पुढे सरकते, जणू मागेपणाची थोडी परतफेड होते. परतफेडीचा हा उंचवटा `z` आणि `p` यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळापाशी सर्वात उंच असतो. तो किती उंच हे फक्त त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतं. म्हणून डिझाइन करताना दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: उंचवटा किती हवा आणि तो कुठे ठेवायचा.

आपल्याला मार्जिन ५५ अंशांच्या पुढे हवं आहे. आहेत २५. म्हणजे ३० अंश मिळवायचे. पण ३० वर भागत नाही, आणि हा डिझाइनमधला सर्वात महत्त्वाचा बारकावा आहे. लीड कॉम्पेन्सेटर फेज देतो तसा जलद लाटांचा गेनही वाढवतो. गेन वाढला की क्रॉसओव्हर उजवीकडे, अधिक जलद लाटांकडे सरकतो, आणि तिथे मोटरचा मागेपणा आधीपेक्षा जास्त असतो. जे दिलं त्यातलं काही परत घेतलं जातं. म्हणून दहा अंश वरचे धरायचे आणि ४० अंशांचा उंचवटा मागायचा. गुणोत्तर असं निघतं:

```
alpha = (1 + sin 40°) / (1 - sin 40°) = 4.6
```

आता जागा. उंचवट्याचं शिखर नव्या क्रॉसओव्हरवर बसलं पाहिजे, नाहीतर मागितलेले अंश भलत्याच ठिकाणी खर्च होतील. शिखरापाशी कॉम्पेन्सेटर गेन ४.६ च्या वर्गमूळाने, म्हणजे २.१४ पट वाढवतो. तेव्हा मूळ सर्वोचा गेन जिथे एक भागिले २.१४ आहे ती जागा शोधायची, कारण तिथेच दोघांचा मिळून गेन एक होईल. बोड आलेखावर ती डोळ्यांनी सापडते आणि हाताने सोडवली तर एक वर्गसमीकरण लागतं. उत्तर येतं ३२ रेडियन प्रति सेकंद. त्याला २.१४ ने भागलं की `z` मिळतो, १४.९. गुणलं की `p` मिळतो, ६८.६.

ताळा करून पाहू. ३२ या वेगाला मोटरचा एकूण मागेपणा १६२.७ अंश आहे. २१.३ ला तो १५५ च्या आसपास होता, म्हणजे क्रॉसओव्हर सरकल्यामुळे साधारण आठ अंश गेले. राखून ठेवलेले दहा अंश इथे उपयोगी पडले. १६२.७ मधून कॉम्पेन्सेटरचे ४० वजा केले तर १२२.७, आणि मार्जिन ५७. शिवाय अगदी मंद लाटांसाठी कॉम्पेन्सेटरचा गेन एकच असल्यामुळे ५० चा आकडा जागचा हलला नाही. पाठलागातली चूक आधीसारखीच १.१५ अंश राहते. म्हणूनच सूत्र असं मांडायचं की `s` शून्य असताना त्याची किंमत एक येईल. दुसऱ्या मांडणीत हा गेन नकळत ४.६ ने कमी किंवा जास्त होतो, आणि मग पाठलाग का बिघडला ते शोधत बसावं लागतं.

दोन अंशांची आज्ञा दिल्यावर कॅमेरा आता ०.०९ सेकंदात सर्वात पुढे पोचतो, आणि तेही फक्त १३ टक्के पुढे. आधी तिथे पोचायला ०.१४ सेकंद लागायचे. ०.१७ सेकंदात तो लक्ष्याच्या दोन टक्क्यांच्या आत येऊन थांबतो. मार्जिन ५७ असूनही १३ टक्के पुढे जाणं थोडं जास्त वाटेल. ते कॉम्पेन्सेटरच्या `z` मुळे येतं. अचानक बदललेल्या आज्ञेचा दरही तो मोजतो आणि सुरुवातीला जरा जोराचाच धक्का देतो. हे नको असेल तर आज्ञाच एका झटक्यात न देता चढत्या उतारासारखी द्यायची. चांगले कॅमेरे फिरवताना तसंही तेच करतात.

हा सगळा प्रकार प्रत्यक्षात आणायला युद्धकाळात दोन रोधक आणि एक धारित्र पुरत असे, आणि आजही पुरतं. १ मायक्रोफॅरडचं धारित्र ६८ किलोओहमच्या रोधकाला समांतर जोडायचं, त्यातून आलेला सिग्नल १८ किलोओहमच्या रोधकामार्गे जमिनीला न्यायचा आणि या दोन्हींच्या सांध्यावरून पुढे घ्यायचा. बाजारात मिळणाऱ्या या किमतींनी `z` १४.७ आणि गुणोत्तर ४.८ येतं, आपल्या हिशेबाच्या अगदी जवळ. मात्र या जोडणीतून मंद सिग्नल ४.८ पट लहान होऊन बाहेर पडतो, म्हणून पुढच्या अॅम्प्लिफायरला तेवढं वाढवून द्यावं लागतं.

आता हे काम बहुधा छोटा मायक्रोकंट्रोलर करतो. सेकंदाला ५०० वेळा चूक मोजली तर संपूर्ण कॉम्पेन्सेटर एवढाच असतो:

```
u  = 0.8715*u1 + 4.3688*e - 4.2403*e1
v  = 100*u
u1 = u
e1 = e
```

`e` आत्ताची चूक, `e1` मागच्या वेळची, `u1` मागच्या वेळचं उत्तर आणि `v` मोटरचं व्होल्टेज. यातले चार दशांश काढून टाकावेसे वाटतात, पण ते गरजेचे आहेत. ४.३६८८ आणि ४.२४०३ हे जवळजवळ सारखे आकडे आहेत आणि सगळं काम त्यांच्यातल्या बारीक फरकावर चालतं. एकाच दशांशापर्यंत गोल करून ०.९, ४.४ आणि ४.२ घेतले, तर स्थिर चुकीसाठीचा गेन एकाऐवजी दोन होतो आणि सगळा हिशेब मोडतो.

आता किंमत. जलद लाटांसाठी आणि अचानक आलेल्या उडीसाठी कॉम्पेन्सेटरचा गेन ४.६ आहे. दोन अंशांची आज्ञा आली की साधा नियंत्रक साडेतीन व्होल्ट द्यायचा, हा १६ देतो. २४ व्होल्टच्या मोटरला ते चालतं. पण दहा अंशांच्या आज्ञेला हिशेब ८० व्होल्टवर जातो आणि अॅम्प्लिफायर २४ वरच अडकतो. या मोटरसाठी सीमा तीन अंशांची आहे. तिच्यापलीकडे अॅम्प्लिफायर काही काळ भिंतीला टेकलेला असतो, आणि वर काढलेले ०.१७ सेकंद आणि १३ टक्के हे आकडे लागू राहत नाहीत. याची खूण अगदी स्पष्ट असते. एक अंश आणि दोन अंशांच्या हालचाली एकाच आकाराच्या असतात, फक्त उंची दुप्पट. दहा अंशांची हालचाल मात्र निराळ्याच आकाराची दिसते. असं दिसलं तर कॉम्पेन्सेटरचे आकडे बदलत बसू नये. आज्ञेचा वेग आणि त्वरण मोटरला झेपेल एवढं बांधून द्यावं.

दुसरी किंमत गुणगुणण्याच्या रूपात ऐकू येते. अक्षावरचा एन्कोडर एका फेऱ्यात २००० भाग मोजत असेल तर एक भाग ०.१८ अंशांचा. कॅमेरा स्थिर असताना वाचन एका भागाने वरखाली झालं, तर साधा नियंत्रक ०.३ व्होल्टची उडी देत असे. आता ती जवळजवळ दीड व्होल्टची होते. मोटर गुणगुणते, तापते, आणि लांब पल्ल्याच्या भिंगात ती थरथर चित्रातही दिसते. दोन अंशांच्या हालचालीसाठी इतका जाड एन्कोडर मुळातच अपुरा आहे. २०,००० भागांचा घेतला तर हीच उडी ०.१४ व्होल्टवर येते. याच कारणाने उंचवटा हवा तेवढा उंच मागता येत नाही. ४० अंशांना गुणोत्तर ४.६ लागलं, ६० अंशांना ते १३.९ लागतं आणि गोंगाटही तेवढ्याच पटीने वाढतो. माझ्या मते एका कॉम्पेन्सेटरकडून पन्नासपेक्षा जास्त अंश मागण्याची वेळ आली, तर मोटरच्या मागे टॅकोजनरेटर बसवून वेग थेट मोजणं जास्त शहाणपणाचं.

तिसरी गोष्ट कागदावरच्या सूत्रात नसतेच. मायक्रोकंट्रोलर चूक मोजतो, हिशेब करतो आणि व्होल्टेज पुढच्या मोजणीपर्यंत तसंच धरून ठेवतो. ५०० वेळा मोजताना हा सगळा उशीर साधारण तीन मिलिसेकंदांचा होतो. ३२ रेडियनच्या क्रॉसओव्हरवर त्याचे साडेपाच अंश जातात आणि मार्जिन ५७ वरून ५२ च्या जवळ येतं. हे चालून जातं. पण कुणी सेकंदाला शंभर वेळाच मोजायचं ठरवलं, तर उशीर पंधरा मिलिसेकंदांचा होतो आणि २७ अंश जातात. कॉम्पेन्सेटरने मिळवून दिलेलं जवळजवळ सगळंच परत जातं. गंमत अशी की जुना, मंद सर्वो या शंभर वेळांवर चालू शकला असता. त्याचा क्रॉसओव्हर कमी होता, म्हणून तोच उशीर त्याला कमी अंशांचा पडला असता. चक्र जितकं जलद, तितका प्रत्येक मिलिसेकंद महाग.

खांबाचंही तसंच आहे. पातळ खांब, पट्टा किंवा गियरमधली लवचीक जोडणी यांना आपापली नैसर्गिक कंपनं असतात. कॉम्पेन्सेटर जलद लाटांचा गेन वाढवतो, तेव्हा आधी झोपलेलं एखादं कंपन जागं होऊ शकतं. ओळख सोपी आहे. हा आवाज क्रॉसओव्हरपेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीत येतो, आणि गेन थोडा कमी-जास्त केला तरी पट्टी बदलत नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा आकाराच्या जाळीदार सांगाड्याला कॅमेऱ्यासारखं ३२ रेडियनच्या क्रॉसओव्हरवर चालवायचा विचारही करता येत नाही. तिथे सर्वोची वरची मर्यादा सांगाड्याच्या कंपनांनी घालून दिलेली असते आणि कॉम्पेन्सेटर त्या मर्यादेखालीच बसवावा लागतो.

आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर एक चाचणी आवर्जून करावी, ती म्हणजे जड भिंग लावून. भिंग बदललं आणि एकूण जडत्व दीडपट झालं तर मोटरचा कालांक ०.१ वरून ०.१५ सेकंदांवर जातो. कॉम्पेन्सेटर नसता तर मार्जिन २५ वरून २१ च्या खाली उतरलं असतं. कॉम्पेन्सेटर आहे तसाच ठेवला तर क्रॉसओव्हर ३२ वरून २४ वर घसरतो, म्हणजे सर्वो चौथाई मंद होतो. पण फेजचा उंचवटा रुंद असल्यामुळे २४ या वेगालाही तो ३९ अंश देतो आणि मार्जिन ५४ वर टिकून राहतं. म्हणजे भिंग बदललं म्हणून कॉम्पेन्सेटरचे आकडे पुन्हा काढायची गरज पडत नाही. तेच जुने आकडे चालतात, फक्त कॅमेरा स्थिर व्हायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतो.